बाटलीवरची शेवटची ओळ



सासूबाईंच्या उशाशी दोन बाटल्या कायम असायच्या. एक आयुर्वेदिक अरिष्टाची, दुसरी लोहाच्या टॉनिकची. मोठ्या आजारपणानंतर अशक्तपणा राहिला होता, म्हणून सकाळ-संध्याकाळ चार-चार चमचे अरिष्ट, तेवढ्याच पाण्यातून. संध्याकाळचं माप सूर्यास्ताच्या आत, हे वेगळं सांगायला नकोच. एकदा बाटली संपली तेव्हा तशीच हवी म्हणून नाव उतरवून घ्यायला मी भिंग घेऊन बसले. लेबलच्या अगदी खाली, पत्त्याच्याही खाली, इंग्रजीत एक ओळ होती. त्यात लिहिलं होतं की या औषधात स्वयंनिर्मित अल्कोहोल ८ टक्के आहे.

सासूबाईंनी लग्नाआधीच मद्य, मांस आणि मधाचा त्याग केलेला. आणि इथे मीच गेली तीन वर्षं त्यांच्या हातात चमचा देत होते. त्यांना सांगायचं की नाही, हे ठरवायला मला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी वाचायला लागले ते आजवर थांबले नाही. त्यातलीच एक गोष्ट आज सांगते. ती मुंबईतल्या एका कोर्टकचेरीची आहे, आणि आपल्या औषधाच्या बाटलीशी तिचं थेट नातं आहे.

१९४९ साली जुन्या मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. आपलं पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात, म्हणजे त्या राज्यातच. (वर दमण पोर्तुगीजांचं, त्यामुळे किनाऱ्यावरून बाटल्या कशा येत असतील, हे या भागातल्या जुन्या माणसांना सांगायला नको.) या कायद्यात मद्याची व्याख्या अशी केली होती की ज्या द्रवात अल्कोहोल आहे तो प्रत्येक द्रव मद्य. दारू रोखायला व्याख्या चांगली घट्ट होती. पण तिच्या जाळ्यात कोलनवॉटर आलं, टिंक्चर आलं, खोकल्याचं औषध आणि टॉनिकही आलं.

फ्राम नसरवानजी बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी या कायद्याला आव्हान दिलं. त्यांची मागणी व्हिस्की-ब्रँडीपासून कोलनवॉटरपर्यंत सगळ्याचीच होती. सुप्रीम कोर्टाने २५ मे १९५१ रोजी निकाल दिला. दारूबंदी करण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावर, विकण्यावर, वापरण्यावर बंदी घालणारा भाग रद्द केला. संविधानाच्या ४७व्या कलमात दारूबंदीचं धोरण सांगताना औषधी उपयोगाचा अपवाद केलेलाच आहे. मला हा निकाल वाचताना बरं वाटलं आणि थोडं चमत्कारिकही वाटलं. म्हणजे १९५१ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जी गोष्ट उघड बोलली गेली, ती आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

आता पुढचं ऐका. या निकालानंतर बरोबर चार दिवसांनी, २९ मेच्या रात्री साडेनऊच्या सुमारास, कुलाब्याच्या बस स्टँडकडे जाणाऱ्या एका जीपने तीन माणसांना धडक दिली. जीप चालवत होते बेहराम खुर्शेद पेसिकाका, मुंबई विभागाचे आरटीओ अधिकारी. म्हणजे ज्यांनी इतरांचे परवाने तपासायचे, तेच. त्यांच्या तोंडाला अल्कोहोलचा वास येत होता. डॉक्टरांनी तपासलं तर बुबुळं थोडी विस्फारलेली, पण बोलणं सुसंगत आणि सरळ रेषेत चालणंही व्यवस्थित. दारूबंदी कायद्याखाली खटला झाला. त्यांचं म्हणणं एकच होतं, की मी दारू प्यायलेलो नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं आहे. त्या टॉनिकमध्ये १७ टक्के अल्कोहोल होतं.

खालच्या कोर्टाने त्यांना सोडलं. सरकार हायकोर्टात गेलं आणि तिथे एक महिन्याची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. तिथे प्रश्न असा आला की सिद्ध कुणी करायचं? आरोपीने दाखवायचं की मी टॉनिकच घेतलं होतं, की सरकारने दाखवायचं की पोटात गेली ती दारूच होती? न्यायमूर्तींचं आपसात पटेना, म्हणून मोठं खंडपीठ बसलं. १९५४ साली बहुमताने निकाल लागला. बलसारा खटल्यानंतर औषधातलं अल्कोहोल गुन्हाच उरलेला नाही, तेव्हा नुसत्या वासावरून भागणार नाही, ती मनाई असलेली दारूच होती हे सरकारने सिद्ध करायला हवं. शिक्षा रद्द झाली.

त्या रात्री ते खरोखर टॉनिकच प्यायले होते का, हे मला कसं कळणार? निकाल त्यावर नव्हताच. पण एक गोष्ट मनात रुतली. टॉनिकचा वास आणि दारूचा वास एकच, कारण आतला पदार्थ एकच. बाटली वेगळी आणि आकडा वेगळा, एवढाच फरक.

सरकारही या आकड्यापाशीच आलं. आधी १९५२ साली कायदा दुरुस्त करून औषधांना सूट दिली, पण अटीवर. औषधातले गुण काढायला, विरघळवायला आणि टिकवायला लागेल तेवढंच अल्कोहोल घालायचं, जास्त नाही. आणि ते औषध दारू म्हणून पिण्याजोगं नसावं. ते पिण्याजोगं आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञांचं मंडळ. मग १९५९ च्या दुरुस्तीत रक्ताच्या तपासणीचा आकडा आला. रक्तात ०.०५ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर ते औषधातूनच गेलं हे दाखवायची जबाबदारी आता आरोपीवर.

मी बी.कॉम. आहे, आकडा दिसला की कागद-पेन्सिल हातात येते. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या रक्तात ०.०५ टक्के भरायला ठोकळमानाने १७-१८ मिली शुद्ध अल्कोहोल एकदम पोटात जावं लागतं. सतरा टक्क्यांच्या टॉनिकचं ते होतं शंभर मिली, म्हणजे वीस चमचे एका बैठकीत. औषधाच्या मापाने घेणारा तिथवर पोचतच नाही. म्हणजे १९५९ च्या त्या आकड्याने चमचा आणि बाटली वेगळी केली. वासाला ते जमलं नव्हतं.

हाच हिशेब मग मी सासूबाईंच्या अरिष्टाला लावला. एका वेळेला २० मिली, त्याच्या ८ टक्के म्हणजे १.६ मिली. कायद्याच्या रेषेच्या दहाव्या भागाइतकंसुद्धा नाही. नशा तर सोडाच, अंगाला जाणवणारही नाही. इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण दिवसाचे ३.२ मिली, तीस दिवसांचे ९६. पाच टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत साडेबत्तीस मिली अल्कोहोल असतं. म्हणजे आमच्या सासूबाई महिन्याला जवळजवळ तीन बाटल्या बिअरइतकं अल्कोहोल घेत होत्या, चमच्याचमच्याने. शरीराच्या खात्यात ही रक्कम नगण्य. व्रताच्या खात्यात ती नगण्य आहे असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता ‘स्वयंनिर्मित’ म्हणजे काय, ते सांगते, कारण पुष्कळ जणी मला म्हणाल्या की आयुर्वेदात दारू कशी असेल. कुणी वरून ओतत नाही, हे खरं. अरिष्टासाठी आधी काढा करतात, आसवासाठी तो न उकळता घेतात. त्यात गूळ किंवा साखर घालतात, बऱ्याच पाठांत मधही. मग धायटीची फुलं घालून भांड्याचं तोंड बंद करून महिनाभर ठेवून देतात. धायटीच्या फुलांवर यीस्ट असतं. ते गूळ खातं आणि अल्कोहोल करतं. ते अल्कोहोल वनस्पतींचे पाण्यात न उतरणारे गुण ओढून घेतं आणि औषध वर्षानुवर्षं टिकवतं. यालाच वैद्य संधान म्हणतात. म्हणजे अल्कोहोल हा तिथे भेसळीचा भाग नाही, ते औषधाचं अंगच आहे. ते काढून टाकलं तर उरेल तो दोन दिवसांत आंबणारा काढा.

साखरेची गोष्ट इथूनच सुरू होते. गूळ पातळ असेल तर आंबतो. पण पाक घट्ट असेल तर? आपला गुळांबा, साखरांबा वर्षभर का टिकतो? कारण साखर सगळं पाणी धरून ठेवते, जंतूंना प्यायला शिल्लक राहत नाही. औषधाच्या सिरपचंही नेमकं तेच. भारतीय औषधसंहितेतलं साधं सिरप म्हणजे वजनाने ६६.७ टक्के साखर. घरगुती भाषेत, दोन किलो साखर आणि एक लिटर पाणी. ५ मिलीच्या चमच्यात ४.४ ग्रॅम साखर येते. चमचाभर सिरपमध्ये जवळजवळ चमचाभर साखर, असंच समजा. प्रत्येक औषधाचा आधार इतका घट्ट नसतो. पण झाकणाच्या आट्यांवर पांढरे खडे जमत असतील, झाकण चिकटून बसत असेल, तर ती साखरच. कारखाने हे टाळायला सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन घालतात. आणि ओला चमचा बाटलीत बुडवायचा नाही हा नियमही याच कारणाने. वरचा थर पातळ झाला की आंबायला लागतो. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, आंबूस वास आला, तर ती बाटली टाकून द्यावी.

लोहाच्या टॉनिकवर मी साखर शोधायला लागले आणि साखर कुठेच लिहिलेली नव्हती. लोह इतकं, फॉलिक ॲसिड इतकं, बी-१२ इतकं, सगळं मिलिग्रॅम-मायक्रोग्रॅममध्ये. आणि खाली एक ओळ, ‘फ्लेवर्ड सिरपी बेस, क्यू. एस.’ आमच्या मजल्यावरचे एक भाऊ तारापूर एमआयडीसीत औषधाच्या पॅकिंगला होते. त्यांना विचारलं, हे क्यू. एस. काय आहे? म्हणाले, “वहिनी, ते लॅटिन आहे. लागेल तेवढं.” मी म्हटलं, साखर लागेल तेवढी, असं लिहून कुणी किराणा आणतं का? ते हसले. म्हणाले, “बाटलीतलं खरं औषध नखभर असतं वहिनी, उरलेलं सगळं त्या एका शब्दात.”

नियम असा आहे की लेबलवर प्रमाण द्यायचं ते गुणकारी घटकांचं. औषध ज्यात विरघळवलं तो आधार या हिशेबात येत नाही. अल्कोहोलची गोष्ट वेगळी. औषधं नियमांप्रमाणे ३ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असेल तर आकडा छापावाच लागतो. या फरकाबद्दल माझं स्वतःचं मत सांगते, पटलं तर घ्या. अल्कोहोलच्या मागे कायम कुणीतरी वही घेऊन उभं होतं. दारूबंदी खातं होतं, कोर्ट होतं, आणि १९५५ चा औषधी व प्रसाधन द्रव्यांवरचा उत्पादनशुल्काचा कायदा होता. ज्याच्यावर कर बसतो त्याचं माप चोख ठेवावंच लागतं. अकाउंट्सच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही हे कळतं. साखरेमागे असा वहीवाला कुणी नव्हता, म्हणून ती बेस या शब्दात निवांत बसून राहिली. आयुर्वेदिक बाटलीवर उलट चित्र दिसतं. तिथे घटकांची यादी द्यायची असते, त्यात गूळ, शर्करा, मधु अशी नावं सापडतात. फक्त ती संस्कृतात आणि बारीक टाइपात असतात, वनस्पतींच्या गर्दीत. मध टाळणाऱ्यांनी ‘मधु’ हा शब्द तिथे शोधावा.

होमिओपॅथीचं थोडक्यात. त्या औषधाच्या बाटल्या इतक्या चिमुकल्या का, असं मला नेहमी वाटायचं. १२ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असलेलं होमिओपॅथिक औषध ३० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत किरकोळ विकायला मनाई आहे, हे त्याचं कारण. कुणी ते पेला भरून पिऊ नये म्हणून. मदर टिंक्चर म्हणून जे थेंब देतात ते अल्कोहोलमध्येच काढलेले असतात. साखरेच्या गोळ्यांवर टाकलेले थेंब पुष्कळसे उडून जातात, पण उडाले म्हणजे नव्हतेच असं नाही.

आता तीन टक्क्यांची ती रेषा. तिच्या खाली असेल तर आकडा छापायची सक्ती नाही. त्यामुळे लेबलवर अल्कोहोलची ओळ नाही याचा अर्थ अल्कोहोल नाही, असा सरळ काढता येत नाही. ‘अल्कोहोल-फ्री’ असं छापलेलं असलं तर गोष्ट वेगळी. नसेल आणि आपल्याला नक्की हवं असेल, तर औषध दुकानातल्या फार्मासिस्टला किंवा डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, की हेच औषध गोळीत किंवा अल्कोहोल नसलेल्या द्रवात मिळतं का. बऱ्याचदा मिळतं. ‘शुगर-फ्री’ लिहिलं असेल तर साखरेऐवजी बहुधा सॉर्बिटॉल असतं. ते जास्त झालं की पोट ढिलं होतं, लहान मुलांचं तर लवकरच. आणि लिहून दिलेलं औषध वाचून घाबरून मधेच बंद करू नका. मी तसं केलं नाही, आधी विचारलं.

सासूबाईंना सांगायला मी दुपारची वेळ निवडली, त्यांचा स्वाध्याय झाल्यावर. लेबल वाचून दाखवलं, भिंगही हातात दिलं. बिअरच्या बाटल्यांचा हिशेब मी गिळूनच टाकणार होते, पण त्यांनीच विचारलं, “एका चमच्यात किती?” मी म्हटलं, पॉइंट चार मिली, आठ थेंब समजा. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “हे बाटलीवर लिहिलं होतं ना? मग तू तीन वर्षं काय वाचत होतीस?”

मी सांगितलं, नाव, तारीख आणि किंमत.

त्यांनी त्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून उपवास धरला, आणि मीही धरला. वैद्यांना फोन केला तर त्यांनी अजिबात वाद न घालता अरिष्टाऐवजी त्याच वनस्पतींचं चूर्ण सुचवलं. कडू आहे, आणि काढा रोज ताजा करावा लागतो, म्हणजे माझं एक काम वाढलं. लोहाचं टॉनिक जाऊन डॉक्टरांनी गोळी दिली. पहिल्या महिन्यात त्यांना बद्धकोष्ठ झालं, मग दिवसाआड घ्यायला सांगितली, तेव्हा जमलं. टॉनिकची अर्धी उरलेली बाटली मी मोरीत ओतली, तेव्हा झाकणाच्या आट्यांतले साखरेचे खडे नखाने काढावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागलेली होती.